थिअरी आणि प्रॉब्लेमचं उत्तर वेगवेगळं कसं लिहायचं?

प्रश्न: लॉच्या पेपरात थिअरी बरी जाते, पण प्रॉब्लेमला मार्क कटतात. दोन्ही सारखंच लिहितो. काय बदलू?

उत्तर: अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या व्यक्तीचा करार हा एकच विषय घ्या.

थिअरीत कायदा उलगडायचा असतो. करार कायद्याच्या कलम ११ पासून सुरुवात करा, मग करार मुळातच शून्य का ठरतो ते मोहरीबिबी वि. धर्मोदास घोष (१९०३) या खटल्यावरून सांगा. नंतर कलम ६८ खालील जीवनावश्यक वस्तू आणि शेवटी तुमचं मत.

प्रॉब्लेममध्ये हेच चार परिच्छेद उतरवले की मार्क जातात, कारण तिथे निकाल मागितलेला असतो. समजा, हिंगणघाटच्या व्यापाऱ्यानं १७ वर्षांच्या मुलाला कापसासाठी ४०,००० रुपये ॲडव्हान्स दिला. मुलानं वय १९ सांगितलं होतं, आता तो कापूस देत नाही. पहिल्याच ओळीत वादाचे मुद्दे लिहा: करार बंधनकारक आहे का? पैसे परत मिळतील का? मग प्रत्येक मुद्द्याला नियम दोन ओळींत, आणि लगेच तो या तथ्यांना लावा. सगळ्यात जास्त जागा इथेच द्या. मुलगा १७ चा, म्हणून करार शून्य. खोटं वय सांगितलं तरी प्रतिष्टंभ, म्हणजे आधी सांगितलेलं नंतर नाकारण्यावरची बंदी, त्याला लागत नाही, त्यामुळे कापूस मागता येत नाही. पैशांसाठी विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम ३३ पाहा: मुलानं अज्ञानत्वाचा बचाव घेतला, तर त्याला जेवढा लाभ झाला तेवढा परत करायला न्यायालय सांगू शकतं. रक्कम कशावर खर्च झाली हे प्रश्नात नसेल, तर दोन्ही शक्यता लिहून निष्कर्ष द्या.