सीईटी गणित: निकालाच्या स्क्रीनशॉटवरून कच्चे धडे कसे काढायचे

प्रश्न: एमएचटी-सीईटीच्या गणिताचा ऑनलाइन सराव पेपर दिला. ५० पैकी २८ बरोबर. स्क्रीनशॉटमध्ये प्रश्न क्रमांकांचे हिरवे-लाल चौकोन आणि प्रत्येकाला लागलेला वेळ एवढंच आहे. यावरून कुठले धडे कच्चे आणि आधी काय करायचं ते कसं ठरवू? २१ दिवस उरलेत, गणिताला रोज दोन तास मिळतात. बोरिवली-दादर लोकलमधला वेळ वेगळा.

उत्तर:

आधी एक काम आजच उरक. त्या पेपरचं उत्तरांचं पान अजून उघडत असेल तर पन्नासही प्रश्नांचे स्क्रीनशॉट काढून ठेव. नुसत्या चौकोनांवरून धडा कळत नाही, आणि बऱ्याच टेस्ट सिरीजमध्ये ते पान काही दिवसांनी बंद होतं. लांब पान सरकवत एकच स्क्रीनशॉट घेतलास तर जोडाच्या जागी एखादी ओळ दोनदा येते किंवा गाळली जाते. १ ते ५० आकडे सलग आहेत ना, ते बघ. फोटोतला मजकूर उचलणारी सोय इथे फारशी कामाची नाही, कारण आकडे येतात पण हिरवा-लाल रंग येत नाही, आणि आपल्याला हवा असतो तो रंगच. पन्नास ओळी हाताने टाइप करणं जास्त लवकर होतं.

शीटमध्ये पाच रकाने कर: ए मध्ये प्रश्न क्रमांक, बी मध्ये धडा, सी मध्ये बरोबर की चूक, डी मध्ये सेकंद, ई मध्ये कारण. पहिले चार भरून झाले की हिरवे मोज. २८ आले पाहिजेत. नाही आले तर कुठेतरी रंग चुकीचा वाचलाय. नंतर बघू म्हणून खूण केलेले प्रश्न काही ठिकाणी जांभळे दिसतात आणि ते हटकून चुकीच्या बाजूला मोजले जातात.

खरी मेहनत पाचव्या रकान्यात आहे. प्रत्येक लाल प्रश्न उत्तर झाकून, घड्याळ न लावता पुन्हा सोडव. कोणाच्याही मदतीशिवाय सुटला आणि पेपरात आकडेमोड किंवा चिन्ह चुकलं होतं, तर ‘च’. सुटला, पण पेपरात त्याला वेळच मिळाला नव्हता, तर ‘व’. सुटलाच नाही तर ‘न’. हिरव्यांनाही सोडू नकोस. सीईटीत उणे गुण नाहीत, त्यामुळे सगळेच शेवटी चारांपैकी काहीतरी टिकवून येतात, आणि बारा ठिकाणी डोळे मिटून टिकवलं तर सरासरी तीन बरोबर निघतात. म्हणून २० सेकंदांच्या आत हिरवा झालेला प्रत्येक प्रश्न पुन्हा करून बघ. नाही जमला तर तोही ‘न’.

मग एच रकान्यात धड्यांची नावं लिहून शेजारी हे सूत्र टाक, आणि ‘न’च्या जागी ‘च’, ‘व’ घालून आणखी दोन रकाने कर:

```
=COUNTIFS($B$2:$B$51,$H2,$E$2:$E$51,"न")
```

धड्याचं नाव प्रत्येक ओळीत अक्षरशः तेच हवं. एकीकडे ‘इंटिग्रेशन’ आणि दुसरीकडे ‘इंटीग्रेशन’ लिहिलंस तर सूत्र मुकाट्याने कमी आकडा देतं.

आता समजा तुझ्या २२ चुका अशा निघाल्या: इंडेफिनिट इंटिग्रेशन ४ पैकी ३, डेफिनिट ३ पैकी २, डिफरन्शियल इक्वेशन ३ पैकी २, लाइन अँड प्लेन ४ पैकी ३, प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्यूशन २ पैकी २, लिनिअर प्रोग्रॅमिंग १ पैकी १, उरलेल्या ९ इकडेतिकडे. टक्केवारी लावली तर शेवटचे दोन धडे शून्यावर, म्हणून सगळ्यात कच्चे. सगळे इथेच फसतात. एका प्रश्नावरून धड्याबद्दल काहीच ठरत नाही. अशा धड्यांपुढे प्रश्नचिन्ह टाक आणि पाठ्यपुस्तकातले पाच-सहा प्रश्न सोडवून मगच निकाल दे.

लाइन अँड प्लेनच्या तीन चुका बघ. प्रश्न ४४, ४६, ४९, आणि वेळ ६, ४, ९ सेकंद. तिन्ही घरी सुटले. म्हणजे धडा कच्चा नाही, तिथपर्यंत पोचायला वेळच उरला नव्हता. मग वेळ गेला कुठे? ए ते ई रकाने एकत्र निवडून डी नुसार मोठ्याकडून लहानाकडे लाव. ९० मिनिटांत ५० प्रश्न म्हणजे एकाला १०८ सेकंद. इथे प्रश्न १७ ने ७ मिनिटं आणि २३ ने ६ मिनिटं खाल्ली. दोघांनी मिळून नऊ मिनिटांहून जास्त उधारी केली, म्हणजे पाच प्रश्नांचा वेळ. आणि दोन्ही इंटिग्रेशनचे.

म्हणून ते दोन प्रश्न नीट उघडून बघ. १७ होता `∫ sin²x cos²x dx`. इथे इंटिग्रेशन अडलेलं नाही, अकरावीची त्रिकोणमिती अडली आहे: `sin x cos x = (sin 2x)/2` आठवलं नाही, म्हणून पुढचं `(1 − cos 4x)/8` सुचलं नाही. २३ होता `∫ sin x/(sin x + cos x) dx`, ० ते π/2. थेट करायला गेलास म्हणून सहा मिनिटं. x च्या जागी π/2 − x ठेवून दोन्ही बेरजेला घेतले की आत १ उरतो आणि उत्तर π/4, अर्ध्या मिनिटात. डिफरन्शियल इक्वेशनच्या दोन चुकांत चलं वेगळी करण्यापर्यंत सगळं बरोबर होतं, घोडं शेवटच्या इंटिग्रलवर अडलं. म्हणजे तीन धड्यांच्या सात चुकांचं मूळ जवळजवळ एकच.

उजळणीचा क्रम त्यामुळे टक्केवारीने न लावता मुळापासून लाव. आधी अर्धा दिवस डबल अँगल आणि गुणाकाराची बेरीज करणारी सूत्रं. मग इंडेफिनिट पाच दिवस, डेफिनिट तीन, डिफरन्शियल इक्वेशन दोन. शेवटच्याला कमी पुरतात कारण अर्धं काम आधीच झालेलं असतं. पुढचे दोन दिवस प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्यूशन आणि लिनिअर प्रोग्रॅमिंगला, प्रश्नचिन्ह खरं ठरलं तरच. धडे छोटे आहेत, आणि गणितात प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असल्याने एवढ्या कमी वेळात एवढी वसुली दुसरीकडे होत नाही. ‘च’वाल्या चुकांसाठी धडा पुन्हा वाचू नकोस. कुठलं चिन्ह, कुठला आकडा सुटतो त्याची यादी कर आणि पेपराआधी तेवढीच बघ. लोकलच्या गर्दीत सूत्रांची चिठ्ठी वाचता येते, गणितं होत नाहीत, तेव्हा तो वेळ दोन तासांत धरू नकोस.

धडा झाला की नाही हे तोच पेपर पुन्हा देऊन कळत नाही. पर्याय लक्षात राहिलेले असतात. त्या धड्याचे नवे दहा प्रश्न १८ मिनिटांत सोडव. सात आले तर पुढे जा. पाच-सहा आले तर चुकलेल्या प्रकाराला आणखी एक दिवस. त्याहून कमी आले तर मूळ भलतीकडेच आहे, पुन्हा कारणांच्या रकान्याकडे जा. तेराव्या दिवसाच्या आसपास पूर्ण पेपर दे आणि नवीन शीट कर.

उरलेल्या आठवड्यासाठी एक गोष्ट आत्ताच तपास. सीईटीत अकरावीचा भाग साधारण २० टक्के, म्हणजे गणितात दहाएक प्रश्न. तुझ्या बी रकान्यात सर्कल, लिमिट्स, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, कॉम्प्लेक्स नंबर्स ही नावं आहेत का? नसतील, तर तो पेपर फक्त बारावीचा होता आणि या धड्यांबद्दल स्क्रीनशॉटने काहीच सांगितलेलं नाही. त्यांच्यावरचा वेगळा छोटा पेपर या रविवारीच दे, म्हणजे ते आठ दिवस कुठे घालायचे ते ठरेल.