काळा दगड पाण्यात उतरू नये म्हणून

प्रश्न: ऑगस्टमध्ये इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याला गेलो होतो. भर दुपारचा एकच धड फोटो आहे, ट्रायपॉड नव्हता. त्यातलं पाणी रेशमासारखं आणि ढग ओढल्यासारखे दिसतील असं करता येईल का? Motion Blur लावून पाहिलं, पण सगळं धुरकट आणि खोटं दिसतं.

उत्तर:

करता येतं. तुमचं बिघडतंय ते ब्लर लावण्याच्या आधी. मी इंदूरलाच राहतो, आणि पाताळपाणीच्याच एका फोटोवर माझंही नेमकं हेच झालं होतं, म्हणून तोच फोटो धरून सांगतो.

भाच्याने पावसाळ्यात कठड्याजवळून काढलेला फोटो होता. उभा, 4000 बाय 6000 पिक्सेल, शटर 1/500. पाण्याचा प्रत्येक थेंब गोठलेला. मी पाण्याच्या लेयरची प्रत केली, उभा ब्लर लावला, मास्कने दगड परत आणले. मोबाईलवर छान दिसला. मग आत्याच्या दिवाणखान्यासाठी मोठा प्रिंट काढला. आत्याने चष्मा लावला, जवळ गेली आणि विचारलं, "अरे, या दगडांना धूर कसला लागलाय?" खरंच, प्रत्येक दगडाच्या वर आणि खाली पाण्यात करड्या रंगाचा एक पट्टा उतरला होता.

त्याचं कारण साधं आहे. ब्लर म्हणजे शेजारच्या पिक्सेलांची सरासरी. त्याला दगड कुठला आणि पाणी कुठलं हे कळत नाही. पाताळपाणीचा कातळ म्हणजे आपला माळव्याचा काळा बेसाल्ट, आणि त्याला लागून पांढरा फेस. 180 पिक्सेलचा ब्लर लावला की कडेपासून 90 पिक्सेलपर्यंत दगडाचा काळेपणा पाण्यात मिसळतो. नंतर मास्क लावून दगड स्वच्छ करता येतो, पण पाण्यात गेलेला काळा रंग तिथेच राहतो. खऱ्या लाँग एक्स्पोजरमध्ये असं होत नाही, कारण दगड जागचा हललेलाच नसतो.

म्हणून क्रम बदलायचा. आधी दगड काढून टाकायचे, मग ब्लर करायचा, मग दगड परत ठेवायचे. मी हे GIMP मध्ये करतो. ते फुकट आहे, आणि दुसरा प्रोग्रॅम असला तरी पद्धत हीच.

मूळ फोटोचा लेयर खाली तसाच राहू द्या. त्याच्या प्रतीवर Clone घेऊन पाण्यातले आणि पाण्याच्या कडेचे दगड शेजारच्या पाण्याने झाकून टाका. अगदी सफाईदार काम नको, नंतर सगळं विरघळणारच आहे. नियम एकच पाळा: जेवढा ब्लर लावणार, निदान तेवढ्या रुंदीपर्यंत कडेपलीकडे पाणी पसरलेलं हवं. 180 चा ब्लर असेल तर दगडाच्या आत 180 पिक्सेलपर्यंत पाणी रंगवा. लहान दगड पूर्ण नाहीसे होतील, मोठ्या कातळाच्या कडेला पाण्याची जाड झालर येईल. हा लेयर बघायला विचित्र दिसतो, धबधबा दुप्पट रुंद झाल्यासारखा. तसाच दिसायला हवा. एक सांभाळा: एकच फेसाचा ठिपका चार ठिकाणी उमटू देऊ नका, ब्लरनंतर त्याच्या सारख्या रेघा ओळीने उभ्या राहतात आणि नजरेत येतात.

आता Filters > Blur > Linear Motion Blur. Angle 90 म्हणजे उभा. एकदाच 250 लावण्यापेक्षा आधी 180 आणि त्यावर पुन्हा 110 लावा. एकाच वेळच्या ब्लरने प्रत्येक चमकता थेंब काडीसारखा होतो, दोन्ही टोकं कापल्यासारखी. दुसऱ्या वेळेला ती टोकं विरतात आणि रेशमाचा पोत येतो.

पण पाणी सगळीकडे उभं पडत नाही. माथ्यावर ते आडवं येतं, ओठावर वळतं, मग सरळ कोसळतं, मध्ये एखाद्या कपारीवर आपटून बाजूला उडतं. सगळ्याला 90 अंश लावले तर माथ्यावरचं पाणीही उभं पडताना दिसतं, आणि ज्याने तो धबधबा पाहिलाय त्याला लगेच खटकतं. मी भरलेल्या लेयरच्या तीन प्रती करतो: माथ्यासाठी आडव्याकडे झुकणारा कोन, मुख्य धारेसाठी 90, आणि कपारीवरून तिरकं उडणाऱ्या पाण्यासाठी मूळ फोटोत दिसेल तो कोन. तिन्हींच्या मास्कवर मोठा मऊ ब्रश फिरवून एकात एक मिसळवतो. Photoshop असेल तर Blur Gallery मधला Path Blur हे काम सोपं करतो, प्रवाहाच्या दिशेने वळणदार बाण ओढता येतात. दगड आधी भरणं मात्र तिथेही चुकत नाही.

शेवटी मास्कमधून मूळ दगड परत आणा. ब्रशची कड तीन-चार पिक्सेल मऊ ठेवा, अगदी धारदार कड कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. जिथे पाणी दगडावरून पातळ पसरून वाहतंय तिथे मास्क पूर्ण काळा न करता निम्मा करा, म्हणजे दगड पाण्याखालून दिसतो. माझ्या मते सगळ्या कामाचा जीव या एका जागेत आहे. प्रिंटजवळ उभा राहणारा माणूस तिथेच बघतो.

उजेडाचं एक सांगतो, कारण "धुरकट" हा तुमचा शब्द त्याच्याशीही जोडलेला असू शकतो. कॅमेऱ्यात प्रकाश जमा होतो तो खऱ्या प्रमाणात. फाइलमधले आकडे मात्र डोळ्याच्या सोयीने वाकवलेले असतात. तुमचा प्रोग्रॅम सरासरी कशी काढतो ते बघायचं असेल तर एका कोऱ्या साध्या फाइलवर सारख्या रुंदीच्या काळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्या काढा आणि त्या पूर्ण एकजीव होईपर्यंत ब्लर करा. 0 ते 255 च्या मापात रंग 188 च्या आसपास आला तर हिशेब प्रकाशासारखा होतोय. 128 आला तर पाणी करडं पडणार. मग फोटो 32 बिटमध्ये नेऊन ब्लर करा, GIMP मध्ये Image > Precision इथून, सोबत Linear light.

तरीही पाणी थोडं मलूल दिसेल. दुपारच्या फेसाचा खरा उजेड 255 च्या वर होता, फाइलने तो 255 वर कापला, त्यामुळे सरासरीही कमी आली. ब्लरनंतर फक्त पाण्याच्या लेयरवर Curves ने उजेड वाढवा, सर्वांत उजळ धार 235-240 पर्यंत आली की थांबा. आणि पाणी पांढरंशुभ्र करू नका. ऑगस्टमध्ये पाताळपाणीला जोराचा पाऊस झाला की पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं येतं. तो रंग राहू द्या, मला तर तो आवडतोच.

आता ढग. इथे आधी एक गोष्ट ठरवायची: आपण किती सेकंदांचं एक्स्पोजर भासवतोय? पाणी साधारण पाव ते एका सेकंदात रेशमी होतं आणि त्यात धारांच्या रेघा वेगळ्या दिसतात. ढग ओढले जायला मात्र अर्धा मिनिट, एक मिनिट, कधी त्याहूनही जास्त लागतं, आणि तेवढ्या वेळात पाण्याच्या रेघा उरत नाहीत, नुसतं दुधाळ धुकं उरतं. लांबच लांब ढग आणि खाली रेघारेघांचं पाणी, हे दोन्ही एका शटरमध्ये बसत नाही. ढग ओढायचेच असतील तर पाण्यावर ब्लरचा आणखी एक मोठा हात फिरवा, तळाशी जिथे तुषार उडतात तिथे तर सगळे बारकावे जाऊ द्या. रेघा हव्या असतील तर आकाशाला हात लावू नका.

आकाशालाही दगडांचाच नियम. झाडं आणि डोंगराची कड आकाशाने भरून घ्या, नाहीतर झाडांची हिरवी-काळी सावली ढगांत चढते. मग Linear नको, Zoom Motion Blur घ्या. ढग डोक्यावर असतात तेव्हा जवळ असतात आणि क्षितिजाकडे दूर, म्हणून आपल्याकडे येणारे किंवा आपल्यापासून दूर जाणारे ढग क्षितिजावरच्या एका बिंदूपासून पंख्यासारखे पसरलेले दिसतात. ब्लरचं केंद्र क्षितिजरेषेवर ठेवा. क्षितिजाजवळच्या रेघा आपोआप आखूड होतील, वरच्या लांब. आकाशभर सारख्या लांबीच्या समांतर रेघा आल्या की फसवणूक उघडी पडते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून किंवा नैऋत्येकडून असतो, तेव्हा फोटो कुठल्या दिशेला तोंड करून काढला ते आठवलं तर केंद्र समोर घ्यायचं की बाजूला, फ्रेमच्या बाहेर, ते ठरवता येतं.

आकाशात तुटक ढग आणि मध्ये निळं असेल तरच हे जमतं. सगळं एकसारखं करडं असेल तर ब्लर करायला तिथे काही नाही, तसंच सोडा. उडणारे पक्षी मात्र पुसून टाका, एका मिनिटाच्या फोटोत पक्षी गोठून राहत नाही.

शेवटचं: ब्लर झालेल्या भागातला मूळ दाणा जातो, दगडांवर आणि झाडांवर तो राहतो. 100 टक्क्यांवर बघितलं तर पाणी प्लॅस्टिकसारखं वाटतं. पाण्याच्या आणि आकाशाच्या लेयरवर अगदी हलका नॉइज घाला, दगडावरच्या दाण्याशी जुळेल इतकाच. त्याने आकाशातले रंगाचे पायऱ्यांसारखे पट्टेही झाकले जातात. आत्याकडचा दुसरा प्रिंट मी याच क्रमाने केला, दगड आधी भरून. माझी संध्याकाळची चारेक तासांची बैठक झाली, त्यातले तीन नुसते Clone आणि मास्कवर गेले.