बाजाराचा उतारा आणि दहा प्रश्न: जरा ऐक

अगं, मराठी शिकणाऱ्या मुलांसाठी तू बाजारावर लिहिलेला उतारा छान झालाय, पण त्याखालच्या दहातले सात प्रश्न नुसते कॉपी करण्यासारखे आहेत. 'बाजार कधी भरतो?' याला मुलं प्रश्नातला 'भरतो' शब्द शोधतात आणि ते वाक्य उतरवतात, अर्थ कळला नाही तरी मार्क मिळतात. माझ्या अंधेरीच्या बॅचमध्ये बहुतेक हिंदीवाले, लिपी तीच असल्याने त्यांना तर हे अजूनच सोपं जातं.

त्यापेक्षा असं कर. उताऱ्यात लिही, 'भाजीवालीने वांगी साठ रुपये किलो सांगितली, आजीने घासाघीस केली, शेवटी पन्नासवर आली, आजीने अर्धा किलो घेतली.' प्रश्न: आजीने किती पैसे दिले? ज्याने ५० लिहिलं त्याने फक्त आकडा उचलला, ज्याने ३० लिहिलं त्याला 'पन्नासवर आली' समजलंच नाही, २५ आलं तर वाचलंय. म्हणजे चुकीच्या उत्तरावरून कळतं की कुठे अडलंय, हेच उत्तरसूचीत लिहून ठेव, नुसतं '२५' नको. आणि 'पंचवीस', 'पंचवीस रुपये दिले' हेही बरोबर धर, नाहीतर तपासताना भांडणं होतात बघ.

असे चार प्रश्न पुरे, बाकीचे सोपे राहू देत. शेवटी उतारा झाकून दहाही प्रश्न घरात कुणालातरी विचार, 'बाजारात भाजी मिळते का?' टाईप जे न वाचताच येतील ते काढून टाक.