लोक वाढले की ॲप जास्त उपयोगी का होतं?

प्रश्न: माझा भाऊ म्हणतो, पेमेंट ॲपवर जितके लोक जास्त तितकं ते आपल्या कामाचं. पण ॲप तर तेच राहतं ना? मग लोक वाढल्याने त्यात नेमकं काय वाढतं? आणि तसं असेल तर नवीन ॲप आलं तरी चालतं कसं?

२०१६-१७ मध्ये मी एका वॉलेट कंपनीसाठी, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचे आणि मग त्यातून द्यायचे अशा ॲपच्या कंपनीसाठी, दुकानदार जोडायचं काम करत होतो. रोज सकाळी बॅगेत स्टिकर घेऊन निघायचं आणि दुकानोदुकानी फिरायचं. नोटाबंदीनंतरचे दिवस होते, सुट्ट्या पैशांची बोंब होती, त्यामुळे "लावून जा स्टिकर" म्हणणारे भरपूर भेटायचे. महिन्याभराने त्याच दुकानांत गेलं तर स्टिकर भिंतीवर तसाच असायचा आणि व्यवहार मात्र शून्य.

माझे डोळे उघडले ते एका वडापावच्या गाडीवर. काकांचा रोजचा गल्ला साधारण चार हजारांचा. गिऱ्हाईक कॉलेजची मुलं, सगळ्यांच्या हातात फोन. तरी दुपारी बारा-एकनंतर काका सांगायचे, "आता रोख द्या." मला वाटायचं, त्यांना मोबाइलची भीती वाटते. एकदा त्यांनी शेजारी बसवून मला हिशेब सांगितला. बटाटा-कांदा सातशेचा, पाव सहाशेचे, तेल-बेसन सातशेचं, गॅस दोनशेचा, पोऱ्याची मजुरी तीनशे. म्हणजे चार हजारांतले अडीच हजार त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहाटे, पुढे द्यायचे. "दादा, तुमच्या वॉलेटमधून बेकरीवाला पैसे घेईल का?" घेणार नव्हता. वॉलेटमधले पैसे बँकेत वळवायचे तर शुल्क लागायचं, शिवाय एक-दोन दिवस जायचे. म्हणून काका फार तर दीड हजार रुपये वॉलेटवर घ्यायचे. तेवढे अडकले तरी उद्याचा माल थांबत नव्हता.

मी त्या बेकरीवाल्याला जोडलं. काकांचे सहाशे रुपये आता वॉलेटमधूनच पावाला जाऊ लागले आणि दीड हजाराची मर्यादा एकवीसशेवर गेली. काकांच्या फोनमधलं ॲप तेच होतं, गिऱ्हाईकही तेच होतं. तीच बेकरी आसपासच्या अकरा गाड्यांना पाव पुरवायची, त्यामुळे त्या सगळ्यांकडे आलेल्या पैशाला एक वाट मिळाली. गाड्या जास्त घ्यायला लागल्या तशी मुलंही जास्त वापरायला लागली. तुमचा भाऊ म्हणतो ती गोष्ट हीच. लोक वाढतात तेव्हा आपल्याकडे पैसा येण्याच्या आणि आपल्याकडून पुढे जाण्याच्या वाटा वाढतात. दुसरी बाजू लोक विसरतात. मीही विसरलो होतो.

याचं एक गणित सांगतात. १० जण असतील तर जोड्या ४५ होतात, २० जण झाले तर १९०. माणसं दुप्पट, जोड्या चौपटीहून जास्त. गणित बरोबर आहे, पण त्यात प्रत्येक जोडी सारखी धरलेली असते. सांगलीतल्या भाजीवाल्याला नागपुरातल्या न्हाव्याशी देवाणघेवाण करायची नसते. तुमचं आयुष्य तीस-चाळीस जणांमध्ये फिरतं: दूधवाला, किराणा, रिक्षा, घरमालक, भिशीतल्या बायका, गावाकडची आई. ॲप तुमच्या किती कामाचं, हे त्यांतले किती जण त्यावर आहेत यावर ठरतं. आम्हाला महिन्याला ठरावीक दुकानांचं टार्गेट असायचं, म्हणून आम्ही शहरभर विखुरलेली दुकानं जोडत सुटलो. ती बहुतेक सगळी निपचित पडली. नंतर मी एकच गल्ली धरली, ठोक व्यापाऱ्यापासून हातगाडीपर्यंत, आणि तिथे व्यवहार आपोआप चालू राहिले.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आमचं वॉलेट म्हणजे कुंपण घातलेलं आवार होतं. आमच्या वॉलेटमधून दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये पैसे जात नव्हते. त्यामुळे प्रत्येक कंपनीला शून्यापासून माणसं गोळा करावी लागायची आणि दुकानदाराच्या काचेवर चार-चार स्टिकर लागायचे. देशातली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आणलं तेव्हा हे कुंपणच काढलं. पैसे थेट एका बँक खात्यातून दुसऱ्या बँक खात्यात जातात, देणाऱ्याचं ॲप कुठलं आणि घेणाऱ्याचं कुठलं याने फरक पडत नाही. म्हणजे आज एखादं नवीन यूपीआय ॲप आलं तर त्याच्या पहिल्या वापरकर्त्यालाही पहिल्याच दिवशी देशभरातले सगळे क्यूआर कोड उघडे असतात. लोक वाढल्याचा फायदा ॲपचा राहिला नाही, तो यूपीआयच्या सामाईक जाळ्याचा झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये महिन्याचे व्यवहार १०० कोटींवर गेले, ऑगस्ट २०२३ मध्ये १००० कोटींवर. आमच्यासारखी सुटी वॉलेटं या वेगापुढे टिकणं शक्यच नव्हतं.

मग तरी यूपीआयवरचे साधारण ऐंशी टक्के व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोघांवरूनच का होतात? माझ्या मते ते सवयीचं बळ आहे आणि दुकानात बसवलेल्या यंत्रणेचं. कॅशबॅकच्या दिवसांत जे ॲप पहिलं हातात आलं ते बदलायचं कारण पडत नाही, आणि दुकानात ज्याचा बोलणारा डबा असतो त्याचंच नाव कानावर पडतं. एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये कुठल्याही ॲपचा वाटा ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असा नियम केला, पण त्याची मुदत वाढत वाढत डिसेंबर २०२६ वर गेली आहे. ते मला पटत नाही. जाळं सगळ्यांचं आहे, तर त्याचं दार दोघांच्याच हातात राहू नये.

खरेदी-विक्रीच्या किंवा रिक्षाच्या ॲपचं मात्र वेगळं असतं. तिथे दोन बाजू असतात आणि प्रत्येकाला समोरची बाजू वाढायला हवी असते. आपल्याच बाजूची गर्दी नको असते. रिक्षा वाढल्या तर प्रवाशाचं थांबणं पंधरा मिनिटांवरून पाचवर येतं, हा मोठा फायदा. पाचवरून तीनवर आलं तर त्याला फारसं काही वाटत नाही, पण तेवढ्यासाठी रिक्षा खूप वाढलेल्या असतात आणि प्रत्येक चालकाची भाडी कमी झालेली असतात. शिवाय चालक दोन-तीन ॲप एकाच वेळी चालू ठेवतो, त्यामुळे कुणाचंच जाळं घट्ट बसत नाही. पेमेंटमध्ये मात्र नवीन आलेला माणूस बहुधा कुणाचंच नुकसान करत नाही.

एखाद्या ॲपवर खरंच असं जाळं तयार झालंय की फक्त सवलतीवर गर्दी जमलीय, हे ओळखायची माझी पद्धत साधी होती. एका गल्लीतला कॅशबॅक बंद करायचा आणि दोन महिने बघायचं. शिवाय जुन्या माणसांचे व्यवहार पाहायचे: वर्षापूर्वी आलेला माणूस त्या वेळेपेक्षा आज जास्त वापरतोय का? त्याच्या आजूबाजूची माणसं जोडली जात असतील तर त्याचा वापर वाढायलाच हवा. आमच्या बहुतेक भागांत कॅशबॅक थांबला की आठवड्याभरात सगळं ओस पडायचं. बेकरीच्या गल्लीत तसं झालं नाही. काका पावाचे पैसे फोनवरूनच देत राहिले.