पवनचक्कीच्या शाफ्टवरचा टॉर्क कसा काढायचा?

प्रश्न: देवगडला सड्यावर 4 मीटर व्यासाची पवनचक्की आहे. वारा 8 मी/से, पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या 6 पट, शक्ती गुणांक Cp 0.35. माझा टॉर्क 5.6 येतो, बरोबर आहे का?

उत्तर: नाही, साधारण 54 N·m यायला हवा. तुम्ही शक्तीला आरपीएमने भागलंय, तिथेच गडबड झाली; भागायचं असतं rad/s मधल्या कोनीय वेगाने, ω ने.

टोकाचा वेग 6 × 8 = 48 मी/से, म्हणजे ताशी 173 किमी. त्याला त्रिज्येने भागा. व्यासाने नव्हे, हीही नेहमीची चूक. ω = 48 ÷ 2 = 24 rad/s, म्हणजे सुमारे 229 आरपीएम.

आता शक्ती. पात्यांच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ π × 2² = 12.57 चौ.मी. पुस्तकातली 1.225 ही हवेची घनता 15 अंशांची; आपल्या दमट, 30 अंशांच्या किनाऱ्यावर 1.15 धरा.

```
P = 0.5 × 1.15 × 12.57 × 8³ × 0.35 ≈ 1295 W
T = P/ω = 1295/24 ≈ 54 N·m
```

229 ने भागलंत की 5.6 येतो, खऱ्यापेक्षा साडेनऊ पट कमी. एवढ्यावर शाफ्ट निवडलात तर पहिल्याच जोरदार वाऱ्यात पिळवटेल. शिवाय हा टॉर्क फक्त 8 मी/सेचा. टोकाच्या वेगाचं वाऱ्याशी गुणोत्तर आणि Cp तेच राहिले तर टॉर्क वाऱ्याच्या वर्गाने वाढतो: 16 मी/सेला चौपट, 216 N·m.