कचरावेचकांना कमाई विचारताना

प्रश्न: एमएसडब्ल्यूच्या प्रकल्पासाठी जालन्यात कचरा वेचणाऱ्या महिलांच्या मुलाखती घेतोय. रोजची कमाई विचारली की सगळ्या जणी "दोन-अडीचशे" म्हणतात. खरा आकडा कसा काढायचा?

उत्तर: "रोज किती मिळतात" हे विचारणं सोडा. बऱ्याच जणी माल रोज विकत नाहीत. घरी निवडून, पोती भरली की भंगारात घालतात. म्हणून विचारा, "मावशी, शेवटचा माल कधी घातला? किती दिवसांचा होता? सोबत कोण कोण वेचत होतं?" मग एकेका मालाचं वजन आणि भाव घ्या.

समजा, तीन दिवसांचा माल आहे आणि वेचणाऱ्या दोघी, सासू आणि सून. पुठ्ठा ३२ किलो भरला, पण ओला म्हणून दुकानदाराने २ किलो कापला. उरलेल्या ३० किलोचे ८ रुपयांनी २४० झाले. पाण्याच्या बाटल्या १२ किलो, २० रुपयांनी २४०. लोखंड-पत्रा १० किलो, २४ रुपयांनी २४०. मिसळ प्लास्टिक १० किलो, ८ रुपयांनी ८०. एकूण ८००. त्यातून रिक्षाचे ५० गेले आणि दुकानदाराने जुन्या उचलीचे २०० वळते करून घेतले. हातात आले ५५०. (हे भाव हिशेब समजावा म्हणून धरलेत, तुमच्या दुकानातले वेगळे असतील.)

ती ५५० सांगते, तुम्ही तीनने भागून १८३ लिहिता. चूक दोन ठिकाणी होते. उचल हा खर्च नाही. ते पैसे तिने आधीच घेऊन वापरले होते, म्हणून कमाई ७५०. आणि ती दोघींच्या तीन दिवसांची, म्हणजे माणशी रोज १२५. हातात आलेली रक्कम आणि उचलीची बाकी वेगळ्या रकान्यांत लिहा, कारण बाकी असेपर्यंत तिला दुसऱ्या दुकानात जाता येत नाही आणि भावावर फार बोलता येत नाही.

म्हणूनच भंगाराच्या दुकानासमोर मुलाखत घेऊ नका. दुकानदाराच्या कानावर गेलं तर त्रास तिला होतो, तुम्हाला नाही. सकाळीही अडवू नका. घंटागाडी येण्याआधीचाच वेळ मालाचा असतो. दुपारी ती माल निवडत बसते, तेव्हा हात चालू ठेवूनच बोलू द्या. निवडण्याचे हे तास कामाच्या वेळेत धरा, अहवालांत तेच सुटतात.

संमती तोंडी घ्या. कोऱ्या किंवा न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा मागितला की ती बिचकते, आणि ते बरोबरच आहे. नाव, वस्ती, दुकान वहीत लिहू नका, खुणेचा क्रमांक द्या. "यातून काय मिळेल?" असं विचारलं तर योजनेचं आश्वासन देऊ नका, "आमचा कॉलेजचा अभ्यास आहे" एवढंच सांगा.

एक फेरी पावसाळ्यात आणि एक लग्नसराईत करा. पावसात पुठ्ठा भिजतो, लग्नसराईत बाटल्या वाढतात. एकाच फेरीवरून वर्षाची कमाई काढता येत नाही.