रिपोर्ट नॉर्मल आलाय, मग गोळी कशाला?

प्रश्न: बाबांची बायपास होऊन तीन वर्षं झाली. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी डॉक्टर गोळी बंद करत नाहीत, उलट आणखी एक वाढवली. बाबा म्हणतात पाय दुखतात. आता बंद केली तर चालेल का?

बंद करू नका. आता का ते सांगतो, आणि जरा लांबण लागेल, कारण "रिपोर्ट नॉर्मल आहे, मग गोळी कशाला" याच वाक्यावरून आमच्या घरात दोन माणसं सहा वर्षं एकमेकांशी नीट बोलत नाहीत. त्यातला एक मी.

माझं कराडला मेडिकलचं दुकान आहे. अण्णांची, म्हणजे वडिलांची, बायपास 2013 साली झाली. तीन ग्राफ्ट, म्हणजे जोडलेल्या नव्या नळ्या. एक छातीच्या आतल्या धमनीची, दोन पायाच्या शिरा काढून. ऑपरेशनच्या आधी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 148 होतं. घरी आले ते कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गोळी, अॅटोरव्हास्टॅटिन 40, घेऊन, आणि पुढे दर वर्षीच्या तपासणीत एलडीएल 76 च्या आसपास यायचं. लॅबच्या कागदावर शेजारी छापलेलं असायचं, 100 च्या आत हवं. झालं, घरात सगळे खूश.

2017 मध्ये आमचे धाकटे काका तो कागद हातात घेऊन म्हणाले, "दादा, नॉर्मल आहे की. मग रोज विष कशाला खातोस? त्यानंच पाय दुखतात तुझे." काका निवृत्त मुख्याध्यापक. घरात त्यांचा शब्द चालतो. मी म्हटलं, काका, 76 हे गोळीमुळे आहे. बीपीची गोळी घेऊन बीपी नॉर्मल आलं की आपण गोळी फेकतो का? त्यावर ते म्हणाले, "तू दुकानदार. तुला गोळ्या खपवायच्याच असणार." समोर चार पाव्हणे बसलेले. मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून खुपतं.

गोळी बंद झाली. महिन्याभरात एलडीएल जवळजवळ मूळ जागी जातं, ते कुणी तपासलंच नाही. चौदा महिन्यांनी तपासलं तेव्हा 141.

तोवर पायाचं सुरू झालं होतं. अण्णा रोज संध्याकाळी दत्त चौकातून प्रीतिसंगमावर चालत जायचे. आता डावी पोटरी मध्येच आवळल्यासारखी व्हायची, थांबावं लागायचं. दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की आपोआप मोकळी. पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा तेच. आईनं तिळाचं तेल लावलं, काकांनी वाताचं चूर्ण आणून दिलं. मी काउंटरमागे उभा राहून रोज लोकांना औषधं देतो, आणि मलाही हे कळायला दोन महिने गेले.

तुमचे बाबा पाय दुखतात म्हणतात, म्हणून हा फरक नीट सांगतो. स्टॅटिनमुळे दुखतात ते स्नायू बहुधा दोन्ही बाजूंचे, मांड्या, कंबर, खांदे. बसलं तरी दुखतात, उठलं तरी दुखतात, अंतराशी संबंध नाही. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत सुरू होतं. पायाची रक्ताची नळी अरुंद झाल्याचं दुखणं ठरावीक अंतर चालल्यावर येतं, बहुतेकदा पोटरीत, एका पायात जास्त, आणि नुसतं उभं राहिलं तरी जातं. चढावर लवकर येतं. कमरेच्या मणक्यामुळे जे दुखतं ते उभं राहून जात नाही, बसावं किंवा वाकावं लागतं. बाबांना एवढंच विचारा: किती चाललं की दुखतं, आणि थांबल्यावर किती वेळात जातं?

अण्णांची तपासणी साधी होती. घोट्याजवळचं बीपी आणि दंडाचं बीपी डॉप्लरनं मोजतात आणि भागाकार करतात. घोट्याला 92, दंडाला 148, म्हणजे 0.62. हे 0.9 किंवा त्याखाली आलं की पायाच्या धमनीत अडथळा धरतात. मधुमेह जुना असेल तर नळ्या कडक होऊन आकडा खोटा चांगला येतो, मग पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर चौदा महिन्यांत नळी भरली असं मी म्हणणार नाही. ती वीस वर्षं भरत आलेली असणार, अण्णांनी चाळिशीपर्यंत बिड्या ओढल्यात. पण हृदयाच्या नळ्या एकदा भरल्या होत्या म्हणजे पायाच्या आणि मानेच्याही त्याच वाटेवर आहेत, हे धरूनच चालायचं असतं. रक्त एकच, नळ्या त्याच. आणि नेमका त्याच काळात आम्ही बांध फोडला.

बायपासबद्दल लोकांचा समज असा की नव्या नळ्या घातल्या, गाडीचं इंजिन उतरवून झालं. जुन्या नळ्यांतला रोग तसाच असतो, फक्त वळणरस्ता काढलेला असतो. छातीतली धमनी बरीच वर्षं टिकते. पायाची शीर मात्र कमी दाबाच्या रक्तासाठी घडलेली, तिला एकदम धमनीचा दाब सोसावा लागतो. तिची भिंत जाड होते, आत मऊ चरबी साचते, आणि दहा वर्षांनी अशा शिरांपैकी निम्म्याच धड राहतात. बायपास झालेल्या 1,351 लोकांचा एक अभ्यास 1997 साली छापून आला. एका गटाचं एलडीएल 130 च्या वर ठेवलं, दुसऱ्याचं 100 च्या आत आणलं, आणि काही वर्षांनी अँजिओग्राफी करून त्या शिरा पाहिल्या. पहिल्या गटात 39 टक्के ग्राफ्ट आणखी बिघडले होते, दुसऱ्या गटात 27 टक्के. तेव्हा 100 च्या आत म्हणजे कडक मानत. पुढच्या अभ्यासांत त्याहून खाली नेलं तरी फायदा मिळतच गेला. ढोबळ हिशेब असा: एलडीएल दर 39 नं उतरवलं की हार्ट अटॅक, स्ट्रोक यांसारख्या घटना पाचात एकीने कमी होतात, सुरुवात कुठूनही असो.

म्हणून कागदावरचा तो 100 चा कंस तुमच्या बाबांचा नाहीच. तो ज्याला काही झालेलं नाही त्याच्यासाठी छापलेला. ज्याची बायपास, स्ट्रोक किंवा पायाच्या धमनीचा आजार झालाय त्याला युरोपच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना 55 च्या खाली आणि मूळ आकड्याच्या निम्म्याहूनही खाली असं दुहेरी लक्ष्य देतात. आपल्याकडे लिपिड असोसिएशन ऑफ इंडिया अशा रुग्णांना 50 च्या खाली म्हणते. पॅथॉलॉजीवाला हे छापत नाही, कारण त्याला माणूस माहीत नसतो.

आता दुसरी गोळी. तुम्हाला वाटतंय डोस वाढवायचा सोडून नवं का. अण्णांचा हिशेब बघा. मूळ 148, अॅटोरव्हा 40 वर 76. परत सुरू करताना डॉक्टरांनी 80 दिली. डोस दुप्पट, तरी 68 च आलं. स्टॅटिनचं असंच असतं, दर दुपटीला सहाएक टक्केच जास्तीचे मिळतात, मोठा घास पहिल्या डोसनंच घेतलेला असतो. मग इझेटिमाईब 10 जोडली. ती वेगळं काम करते, आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषायला अडवते, आणि स्टॅटिनवर आणखी पाचवा हिस्सा उतरवते. सहा आठवड्यांनी 53. तुमच्या बाबांची वाढवलेली गोळी बहुधा हीच असणार, नाव बघा. एवढ्यानं नाही उतरलं तर दोन आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं, महाग आहे, पायाच्या आजारात त्याचा फायदा चांगला दिसलाय.

पाय खरंच स्टॅटिननं दुखत असतील तरी बंद करणं हा उपाय नाही. डॉक्टर सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी, करतील, गोळी बदलतील, कमी डोसवर येतील, उरलेलं इझेटिमाईबवर टाकतील. इंग्लंडमध्ये त्रासामुळे गोळी सोडलेल्या साठ लोकांना काही महिने खरी गोळी, काही महिने नुसती खोटी, काही महिने काहीच नाही असं आळीपाळीनं दिलं. खऱ्या गोळीवर जो त्रास सांगितला त्यातला नव्वद टक्के खोट्या गोळीवरही झाला. काकांना मी हे वाचून दाखवलं होतं. म्हणाले, कंपन्यांनी केलं असणार.

अण्णांच्या पायाला ऑपरेशन लागलं नाही. गोळ्या, आणि रोज दुखेपर्यंत चालून थांबून पुन्हा चालणं, सहा महिने. आता संगमापर्यंत एकदाच थांबून जातात. काका म्हणतात चूर्णानं बरं झालं.

स्ट्रोकबद्दल विचारलं नाहीत पण बाबांच्या वयात डोक्यात ठेवा: गुठळीचा, नळ्या भरल्यानं झालेला स्ट्रोक असेल तर हाच नियम. फ्रान्स आणि कोरियातल्या 2,860 अशा रुग्णांत 70 च्या खाली ठेवलेल्यांत पुढच्या मोठ्या घटना 8.5 टक्के, 90 ते 110 ठेवलेल्यांत 10.9. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर मात्र गणित वेगळं, ते न्यूरॉलॉजिस्टनंच ठरवायचं. स्टॅटिननं साखर थोडी वाढू शकते, सीमेवरच्यांना मधुमेह लागू शकतो, तरी बायपासवाल्याला फायदा पुष्कळ मोठा. लघवी चहासारखी गडद झाली आणि अंग फार दुखलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

आणि हो, एक राहिलं. क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक आणि अॅटोरव्हास्टॅटिन एकत्र जमत नाहीत, स्टॅटिन रक्तात वाढतं. खोकला-तापाला कुणी ते लिहिलं तर डॉक्टरांना सांगा, ते अँटिबायोटिक बदलतील किंवा तेवढे दिवस स्टॅटिन थांबवतील. थांबवलं तर परत कधी सुरू करायचं ती तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या. अण्णांची गोळी पहिल्यांदा थांबली ती अशीच, सात दिवस, मीच सांगितलं होतं. आठव्या दिवशी काका घरी आले आणि म्हणाले, "सात दिवस नव्हती ना? काय झालं? काहीच नाही."